जुन्या करारांतून कलमांची वही



आपल्यापैकी बरेच सभासद ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर किंवा ट्रक लावतात. पाथर्डी, जामखेड, शेवगाव भागातील आणि बीडकडील मुकादमांशी दरवर्षी करार होतो, उचल दिली जाते. हंगाम संपला की स्टँप पेपर पेटीत जातो. पुढच्या वर्षी तोच मजकूर थोडाफार बदलून पुन्हा लिहितात. कुणी काय बदलले, का बदलले, हे कुणालाच सांगता येत नाही. मग एखादा मुकादम टोळी घेऊन आलाच नाही, की करार उघडला जातो आणि तेव्हा कळते की नेमके हवे ते वाक्य त्यात नाही.

यावर उपाय आहे. सगळे जुने करार एकदा उलगडून त्यातील कलमांची वही तयार करावी. ती कशी करायची, ते एका कलमावरून सांगतो.

समजा, एका वाहतूकदाराकडे मागील १२ हंगामांचे ४० करार आहेत. प्रथम प्रत्येकाला हंगाम व अनुक्रम मिळून क्रमांक द्यावा, जसे २०१८-१९/७. मूळ स्टँप पेपरवर पेन लावू नये. झेरॉक्स काढून तिच्यावर खुणा कराव्यात. छापील मजकूर कोणता आणि हाताने वर घातलेला कोणता, हे दोन रंगांनी वेगळे दाखवावे. हाताने घातलेल्या ओळीमागे बहुतेक वेळा एखादे भांडण किंवा नुकसान असते, म्हणून तीच ओळ जास्त बोलकी असते.

यानंतर निरनिराळ्या वर्षांचे दहा करार वाचून कलमांच्या प्रकारांची यादी करावी. साधारण असे प्रकार निघतात: उचल, टोळीतील कोयत्यांची संख्या, कामावर हजर होण्याची तारीख, तोडणीचा व वाहतुकीचा दर, मुकादमाचे कमिशन, अनामत कपात, जामीन, काम सोडल्यास भरपाई, वादाचे ठिकाण. प्रकार ठरवताना वरचे शीर्षक पाहू नये, वाक्य काय काम करते ते पाहावे. 'उचल' या मथळ्याखाली पुष्कळदा एकाच परिच्छेदात उचलीची रक्कम, फेडीची रीत आणि जामीनदाराची हमी अशा तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. तिथे परिच्छेदाचे तीन तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र खूण द्यावी. एक वचन, एक तुकडा, असा नेम ठेवला म्हणजे गोंधळ होत नाही.

आता जामीन या एकाच प्रकाराचे तुकडे सर्व करारांतून काढून एकाखाली एक उतरवावेत. नाव, तारीख, रक्कम यांच्या जागी रेघ ओढावी, बाकी शब्द जसेच्या तसे ठेवावेत. शुद्धलेखन सुधारू नये. असे केल्यावर चाळीस करारांतून बहुधा चार-पाचच मजकूर उरतात. उदाहरणार्थ:

अ. मुकादमाने काम न केल्यास सदर रक्कम जामीनदार परत करील.
ब. मुकादमाकडून रक्कम वसूल न झाल्यास जामीनदार ती भरून देईल.
क. सदर रकमेस मुकादम व जामीनदार वैयक्तिक व सामुदायिक रीतीने जबाबदार राहतील.
ड. वरीलप्रमाणे, आणि हंगामात दिल्या जाणाऱ्या वाढीव उचलीसही जामीनदाराची संमती आहे.

वरवर पाहता चारही सारखेच वाटतात, पण तसे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणजे पैसे देणाऱ्याने आधी मुकादमाच्या मागे लागलेच पाहिजे असे नाही. 'ब' मधील 'वसूल न झाल्यास' हे तीन शब्द मात्र वेगळे ठरवल्यासारखे होतात. 'आधी मुकादमाकडे वसुली करा, मग माझ्याकडे या' असे म्हणायला जामीनदाराला त्यातून जागा मिळते.

'ड' ची गोष्ट आणखी महत्त्वाची. समजा करार ५ लाखांच्या उचलीचा आहे, जामीनदाराची सही त्यावर आहे. दिवाळीला मुकादमाने आणखी १ लाख मागितले, ते दिले आणि कोयत्यांची संख्याही बदलून घेतली. जामीनदाराला विचारले नाही. कलम १३३ सांगते की जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ करारात बदल केला तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. त्या १ लाखावर 'अ', 'ब', 'क' यांच्या भरवशावर बसता येत नाही. 'ड' मध्ये निदान संमती आधीच लिहिलेली आहे. तरीसुद्धा प्रत्येक वाढीव रकमेच्या पावतीवर जामीनदाराची सही घेणे शहाणपणाचे.

जे सभासद स्वतः कुणाला जामीन राहतात, त्यांनी हेच उलट बाजूने वाचावे. 'ड' वर सही करताना आपण किती रकमेला हो म्हणतो आहोत त्याची मर्यादा लिहून घ्यावी.

वहीत प्रत्येक मजकुरापुढे चार गोष्टी लिहाव्यात: तो कोणत्या करारांत आहे, पहिल्यांदा कोणत्या हंगामात आला, छापील की हस्तलिखित, आणि वाद झाला असेल तर काय निघाले. कोणत्या करारात जामिनाचे कलमच नाही, तिथे 'नाही' असे लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. रिकाम्या रकान्यावरून पाहिले की नाही तेच कळत नाही. संगणकावर तक्ता केला तरी रकाने हेच.

खुणा बरोबर पडल्या का, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. वीस तुकडे घरातील दुसऱ्या लिहित्या-वाचत्या माणसाला द्यावेत आणि आपल्या खुणा न दाखवता त्याला खुणा करायला सांगावे. जिथे दोघांचे जुळत नाही, तिथे प्रकाराची व्याख्याच सैल आहे असे समजून ती नीट लिहावी आणि जुने तुकडे पुन्हा तपासावेत. 'अनामत' आणि 'भरपाई' यांत हा घोळ हमखास होतो: दोन्हींत पैसे अडकतात, पण अनामत काम पूर्ण झाल्यावर परत मिळते आणि भरपाई काम सोडल्यामुळे द्यावी लागते.

दोन सावधगिऱ्या. जे कलम तीस करारांत आहे ते चांगलेच असते असे नाही; एकाच जुन्या कागदावरून ते तीस वेळा उतरवलेले असू शकते. उचल फिटेपर्यंत मजुराला कामावरून जाऊ न देण्याची भाषा अशीच जुन्या कागदांतून उतरत येते. वेठबिगारी पद्धती १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. असा तुकडा वहीत लाल शाईने 'वापरू नये' असे लिहून ठेवावा, फाडून टाकू नये, नाहीतर पुन्हा कुणीतरी तो उतरवील. दुसरे असे की, कलम एकटे उचलून नव्या करारात बसवले तर दुसऱ्या कलमाशी त्याची टक्कर होऊ शकते. 'या करारात इतरत्र काहीही लिहिलेले असले तरी' अशी सुरुवात असलेले वाक्य आधी शोधावे, कारण ते बाकीच्यांच्या डोक्यावर बसते.

वही झाल्यावर जामीन, उचल व भरपाई ही तीन पाने वकिलांना दाखवावीत. चाळीस करार वाचायला त्यांना वेळ नसतो, तीन पाने ते वाचतील आणि कोणता मजकूर ठेवायचा ते खूण करून देतील. उचलीचे करार पावसाळ्यातच होतात, तेव्हा हे काम उन्हाळ्यात, गाळप आटोपल्यावर हाती घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी