मालकाला फक्त एक आकडा

लीड्स, फेब्रुवारी

भारतात नोकरी करून आलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये एका गोष्टीमुळे चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला पगारखात्याकडून येणारा ‘गुंतवणुकीचं डिक्लरेशन भरा’ हा निरोप इथे येतच नाही. मग जानेवारीत पुराव्यांची धावपळ नाही, घरमालकाच्या सहीसाठी हेलपाटे नाहीत, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या शोधणं नाही. भारतात कायद्यानेच हे काम मालकावर टाकलं आहे. त्याने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा कर काढायचा आणि त्या सरासरी दराने दर महिन्याला पगारातून कापायचा. अंदाज मालकाने करायचा, म्हणून कागदही मालकाकडे जायचे. नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी गेल्यामुळे कागदांचा ढीग कमी झाला, पण रीत बदललेली नाही.

इथल्या पगारखात्याला तुमच्याबद्दल कळतो तो एक संकेतांक. बहुतेकांच्या पगारपत्रकावर तो 1257L असा छापलेला असतो. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. त्यातला शेवटचा आकडा गाळला आणि पुढे L लावला की झाला संकेतांक. तो ठरवतं एचएमआरसी, म्हणजे इथलं करखातं. तुमच्याकडे मागच्या वर्षीची बाकी असेल किंवा कर न कापलेलं दुसरं किरकोळ उत्पन्न असेल, तर खातं त्या हिशेबाने करमुक्त हिस्सा घटवतं आणि मालकाला, समजा, 1057L कळवतं. दोन हजार पौंड का घटले हे मालकाला सांगितलं जात नाही, आणि त्याने विचारायचंही नसतं. (अपवाद M या अक्षराचा. तो असला की जोडीदाराने आपल्या करमुक्त मर्यादेचा दहावा भाग तुम्हाला दिला आहे, एवढी घरातली गोष्ट बाहेर पडते.)

हा आडपडदा फार जुना आहे. नेपोलियनशी लढण्यासाठी पंतप्रधान धाकट्या पिटने १७९९ मध्ये पहिला आयकर बसवला, तेव्हा प्रत्येकाने आपलं एकूण उत्पन्न जाहीर करायचं होतं. लोकांना ते मुळीच रुचलं नाही आणि वसुलीही अपेक्षेपेक्षा बरीच कमी झाली. १८०३ मध्ये पंतप्रधान ॲडिंग्टनने उत्पन्नाचे पाच वेगळे वर्ग केले. सरकारी रोख्यांच्या व्याजावरचा किंवा सरकारी हुद्द्याच्या वेतनावरचा कर पैसे हातात पडण्याआधीच कापून घ्यायचा, आणि कुणाही एका अधिकाऱ्यासमोर माणसाची सगळी मिळकत उघडी पडू द्यायची नाही, अशी ती योजना. दर दहा टक्क्यांवरून पाचवर आणला, तरी वसुली जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. मुळाशीच कर कापण्याच्या बाजूने यापेक्षा ठोस पुरावा मला तरी माहीत नाही.

कारखान्यातल्या कामगारापर्यंत मात्र हा कर दुसऱ्या महायुद्धात पोहोचला. १९४१ मध्ये प्रमाण दर पौंडाला दहा शिलिंग, म्हणजे निम्मा झाला आणि करमुक्त मर्यादा खाली आली. युद्धाआधी आयकर भरणारे चाळीस लाखांच्या आसपास होते, ते सव्वा कोटीच्या घरात गेले. १९४० पासून मालक आठवड्याच्या मजुरीतून कर कापू लागले होते, पण तो मागच्या कमाईवरचा कर असे. हिवाळ्यात ओव्हरटाइम करून चार पैसे जास्त मिळाले, तर त्यावरचा कर ओव्हरटाइम बंद झाल्यावर साध्या मजुरीतून कापला जाई. उद्या युद्ध संपलं, दारूगोळ्याचे कारखाने बंद पडले, तर लाखो माणसं कमाई नसताना जुन्या कमाईच्या कराखाली सापडतील, ही धास्ती सरकारला होती.

यातून वाट काढली पॉल चेंबर्स या करखात्यातल्या अधिकाऱ्याने. त्याआधी, १९३७ ते १९४० या काळात, तो भारत सरकारचा आयकर सल्लागार होता. भारतात १९२२ च्या कायद्याप्रमाणे पगाराच्या अंदाजावर सरासरी दराने कर कापला जाई, म्हणजे ती रीत त्याने जवळून पाहिलेली होती. ब्रिटनसाठी त्याने वेगळं काहीतरी रचलं. त्याची घोषणा २१ सप्टेंबर १९४३ रोजी संसदेत व्हायची होती, पण त्याच दिवशी सकाळी अर्थमंत्री किंग्जली वुड अचानक वारले. त्यांच्या जागी जॉन अँडरसन आले, पूर्वीचे बंगालचे गव्हर्नर. ६ एप्रिल १९४४ पासून ‘पे ॲज यू अर्न’, म्हणजे पीएवायई, सुरू झालं.

चेंबर्सच्या योजनेतली मेख अशी की तिच्यात मालकाला पुढच्या महिन्यांचा अंदाज करावाच लागत नाही. करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. १२,५७० पौंडांची करमुक्त रक्कम बारा महिन्यांत वाटली की महिन्याला सुमारे १,०४८ पौंड येतात. दर पगाराला पगारखातं तीनच प्रश्न विचारतं: वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर एकूण पगार किती झाला, आजवरच्या महिन्यांचा करमुक्त हिस्सा किती झाला, आणि उरलेल्या रकमेवर जो कर होतो त्यातला किती आधीच कापून झाला. राहिलेला फरक या महिन्यात कापायचा. फरक उणे आला तर तेवढे पैसे पगाराबरोबर परत द्यायचे. संगणक नव्हते तेव्हा हाच हिशेब कारकून छापील कोष्टकांवर बोट ठेवून करत, एकात करमुक्त हिस्सा आणि दुसऱ्यात कर. पगार वाढो, घटो किंवा मध्येच थांबो, दर महिन्याला हिशेब पहिल्यापासून मांडला जातो, त्यामुळे मार्चअखेर एकदम मोठी कपात येण्याचा प्रश्न उरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका सांगलीकर तरुणाचं उदाहरण घेतो. सप्टेंबरपर्यंत तो पुण्यात नोकरीला होता, ऑक्टोबरमध्ये लीड्समध्ये रुजू झाला. पगार महिन्याला ३,००० पौंड. ऑक्टोबरअखेरचा पगार म्हणजे करवर्षाचा सातवा महिना, तेव्हा सात महिन्यांचा करमुक्त हिस्सा ७,३३७ पौंड त्याच्या नावावर जमा आणि पगार तीन हजार. कर शून्य. नोव्हेंबरमध्ये शून्य, डिसेंबरमध्येही शून्य. जानेवारीत एकूण पगार १२,००० आणि करमुक्त हिस्सा १०,४८३, तेव्हा कुठे उरलेल्या १,५१७ पौंडांवर वीस टक्क्यांनी ३०३ पौंड कर. पुढे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये प्रत्येकी ३९०. कर असा कापला जायला हवा होता.

घडलं वेगळंच. नव्या नोकरीत जुन्या मालकाने दिलेला पी ४५ हा कागद द्यायचा असतो, आणि तो नसेल तर एक प्रश्नावली भरायची असते. त्यात ‘६ एप्रिलनंतर तुमची दुसरी नोकरी होती का?’ अशा अर्थाचा प्रश्न आहे. प्रामाणिक माणूस, पुण्याची नोकरी आठवली, ‘हो’ म्हणाला. मालकाला वाटलं, या वर्षातला करमुक्त हिस्सा आधीच्या नोकरीत वापरला गेला असणार. त्याने नियमाप्रमाणे 1257L M1 लावला. M1 म्हणजे मागचं काही पाहायचं नाही, प्रत्येक महिना पहिला महिना समजायचा. मग ३,००० मधून १,०४८ वजा, उरलेल्यावर वीस टक्के, आणि दरमहा ३९० पौंड गेले. हे मार्चपर्यंत चाललं असतं, तर साडेबाराशे पौंडांच्या आसपास जास्त कर कापला गेला असता.

चूक ओळखायची खूण पगारपत्रकावरच असते: संकेतांकापुढे M1, W1 किंवा X. त्याने खात्याच्या संकेतस्थळावर आपली माहिती दुरुस्त केली, आणि खात्याने मालकाला साधा 1257L कळवला. तोवर तीन महिन्यांत १,१७० पौंड कापले गेले होते. जानेवारीपर्यंतचा खरा कर ३०३. तेव्हा जानेवारीच्या पगारात कराच्या रकान्यात उणे ८६७ आले. परताव्यासाठी ना अर्ज लागला, ना रिटर्न. मालकाने हे पैसे पदरचे दिले नाहीत. सरकारकडे भरायच्या एकूण रकमेतून त्याने ते वळते केले.

पगारपत्रकावर दुसरी एक कपात असते, नॅशनल इन्शुरन्सची. तिच्यात ही मागचं जमेस धरण्याची सोय नाही. त्या त्या महिन्यात १,०४८ पौंडांवरच्या पगारावर आठ टक्के कापले की विषय संपला. त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्याच पगारात आमच्या सांगलीकराचे १५६ पौंड गेले, आणि ते बरोबरच गेले. नवखी माणसं दोन्ही कपातींची गल्लत करतात आणि परत न येणाऱ्या पैशाची वाट पाहत बसतात.

करखातं सगळं करतं म्हणून सगळं बिनचूक होतं असंही नाही. अंदाज मालकाकडून काढून खात्याकडे दिला, तो नाहीसा झाला नाही. एखाद्याच्या दोन नोकऱ्या असतील आणि दोन्ही मालकांनी 1257L लावला, तर करमुक्त रक्कम दोनदा मिळते आणि वर्षाला २,५१४ पौंड कर कमी भरला जातो. दुसऱ्या नोकरीला खरं तर BR हवा, म्हणजे पहिल्या पौंडापासून वीस टक्के. माणसाला वर्षभर पत्ता लागत नाही, कारण हातात पैसे जास्तच येत असतात. करवर्ष संपल्यावर खातं सगळ्या मालकांचे आकडे एकत्र करून ताळमेळ घालतं, मग पत्र येतं आणि पुढच्या वर्षीचा संकेतांक घटतो. सप्टेंबर २०१० मध्ये नव्या संगणकप्रणालीने जुने हिशेब पडताळले, तेव्हा सुमारे साठ लाख लोकांचा कर चुकीचा कापला गेल्याचं उघड झालं. २०१३ पासून प्रत्येक मालकाला पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी आकडे खात्याकडे पाठवावे लागतात. तेव्हापासून गोंधळ लवकर ध्यानात येतो, थांबतो असं मात्र म्हणवत नाही.

मला या पद्धतीतला तोटा दुसरीकडे दिसतो. बहुतेक नोकरदार इथे रिटर्न भरतच नाहीत, त्यामुळे आपला कर कसा निघतो हे विचारलं तर शेजारचा इंग्रज खांदे उडवतो. भारतातला कारकूनसुद्धा मार्चमध्ये आपला कर बोटांवर मोजून सांगतो.

परत जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एप्रिलपासून इथे पगार घेऊन कुणी सप्टेंबरअखेर कायमचा मायदेशी निघाला, तर त्याच्या पगारातून कर कापताना सहाच महिन्यांचा करमुक्त हिस्सा धरलेला असतो. उरलेले ६,२८५ पौंड वापराविना राहतात, त्यावरचा वीस टक्के कर म्हणजे १,२५७ पौंड. पुढे इथे पगारच नसल्यामुळे हे पैसे पगारातून परत येऊ शकत नाहीत. त्यासाठी पी ८५ हा फॉर्म पी ४५ जोडून खात्याकडे पाठवावा लागतो.