आधी बटण की आधी खिडकी?

लखनौला हजरतगंजच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर आहे. स्वयंपाकघरात सिलिंडरच्या वरच्या फरशीवर घरमालकांनी हिंदी स्टिकर चिकटवलेलं आहे. गॅस गळला तर काय करायचं, ते सात ओळींत. आई हिवाळ्यात साताऱ्याहून राहायला आली. मी दिवसभर बाहेर, घरात ती एकटी. म्हणून पहिल्याच दिवशी तिला ते दाखवलं.

तिने घडाघडा वाचलं. "येतं की मला हिंदी वाचता," म्हणाली. मग हळूच विचारलं, "रिसाव म्हणजे काय गं? रुसवा वगैरे?"

आम्ही हसलो, पण तिथेच लक्षात आलं की लिपी एकच असली की आपण फसतो. अक्षरं लागतात, त्यामुळे अर्थही लागला असं वाटतं. हिंदीतला 'चूल्हा' म्हणजे गॅसची शेगडी. आईसाठी चूल म्हणजे गावाकडची, लाकडांची. तुमच्याकडेही परप्रांतातलं स्टिकर असेल आणि घरातल्या कुणाला ते 'वाचता' येत असेल, तर एकदा अर्थ विचारून बघा. मी त्या रात्री मराठीत लिहायला बसले. सात ओळी, अर्ध्या तासाचं काम, असं वाटलं होतं. तीन दिवस लागले.

पहिली ओळ अशी होती: बिजली का कोई स्विच ऑन या ऑफ न करें. मी लिहिलं, 'दिवा लावू नका.' वाचायला छान, पण 'ऑफ' गायब. आपल्याला वाटतं, चालू करणं धोक्याचं आणि बंद करणं सुरक्षित. पण बटण दाबताना आत जी बारीकशी ठिणगी पडते, ती दोन्ही वेळा पडते. कोंडलेल्या गॅसला तेवढी पुरते. म्हणून दिवा चालू असेल तर चालूच ठेवायचा.

मग सुधारून लिहिलं, 'विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका.' अर्थ बरोबर झाला, पण 'नका' पार शेवटी गेलं. घाबरलेला माणूस वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. 'बटण बंद' एवढं वाचून हात पुढे गेला तर? शेवटी 'थांबा' हा शब्द सर्वांत आधी आणला.

खरा घोळ तिसऱ्या ओळीत होता. शेगडी बंद करण्यासाठी मी लिहिलं होतं, 'शेगडीचं बटण बंद करा.' आमच्या घरात शेगडीचंही बटण आणि दिव्याचंही बटणच. म्हणजे एक ओळ सांगते बटणाला हात लावू नका, आणि तिसरी सांगते बटण बंद करा! एरवी आपण संदर्भाने समजून घेतो. नाकात गॅसचा वास असताना ते जमेलच असं नाही. म्हणून ठरवलं, की या कागदावर 'बटण' फक्त विजेचं. शेगडीला 'नॉब'. प्रत्येक वस्तूला एक नाव, आणि ते बदलायचं नाही.

आता क्रमाचं. जोडवाक्यं करायची सवय मला नडली. 'खिडक्या उघडण्याआधी रेग्युलेटर बंद करा' हे व्याकरणाने बरोबर आहे, पण डोळ्यांना आधी खिडक्या दिसतात आणि पाय तिकडेच वळतात. जे आधी करायचं, ते कागदावरही आधी यायला हवं. म्हणून 'आधी', 'नंतर', 'तोपर्यंत' हे सगळे शब्द काढले. एका ओळीत एक काम.

तो क्रम उगाच नाही. गॅस येतच राहिला तर खिडकी उघडून फारसं साधत नाही, म्हणून आधी रेग्युलेटर बंद. मग तो काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची टोपी बसवायची, म्हणजे व्हॉल्व्हमधून गळती असली तरी थांबते. टोपी बसल्याचा 'टक्' असा आवाज येतो. मग दारं-खिडक्या. आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, ब्यूटेन तर जवळपास दुप्पट. तो जमिनीलगत साचतो. म्हणून वरची झडप उघडून भागत नाही, दार उघडायला हवं. जानेवारीत लखनौला धुकं आणि थंडी इतकी, की सगळी घरं कडेकोट बंद असतात, तेव्हा तर नक्कीच.

सहावी ओळ मेन स्विचची: तो बाहेरून बंद करायचा. वाटतं की वीज तोडणं हेच पहिलं काम. पण आमच्यासारखा घरात इन्व्हर्टर असेल, तर मेन पाडताच तो आपोआप सुरू होतो आणि त्याच्या आत खटका पडतो. तोवर दारं उघडून गॅस पांगलेला हवा. मग ही पायरी हवीच कशाला? फ्रिजसाठी. तो कुणी हात न लावता स्वतःच चालू-बंद होत असतो. मीटर घराबाहेर असेल तरच ही पायरी करायची, त्यासाठी पुन्हा आत शिरायचं नाही.

कागद तयार झाल्यावर आईला म्हटलं, "समज वास येतोय. वाच आणि करून दाखव." गॅस अर्थात बंद होता. चार ओळी झकास झाल्या. पाचवी होती, 'हवा खेळती राहू द्या.' ती सरळ उठली आणि एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला.

चूक तिची नव्हती. खेळती हवा म्हणजे पंखा, हेच कुणालाही सुचेल. मी 'दारं-खिडक्या उघडा' या साध्या शब्दांना सजवायला गेले होते. तुम्ही असा कागद लिहिलात तर वाचून घेऊ नका, करून घ्या. हात कुठे जातो ते बघा.

आता आमच्या भिंतीवर हे आहे:

१. थांबा. विजेच्या बटणाला हात लावू नका. पंखा, एक्झॉस्टसुद्धा नाही.
२. समई, निरांजन, उदबत्ती विझवा. काडी ओढू नका.
३. शेगडीचे नॉब बंद करा. रेग्युलेटर बंद करा.
४. रेग्युलेटर काढा. सिलिंडरला टोपी लावा, टक् आवाज येईपर्यंत दाबा.
५. दारं-खिडक्या उघडा. सगळे बाहेर या.
६. मेन स्विच बाहेरून बंद करा.
७. बाहेरूनच फोन करा: 1906

हा आकडा मुद्दाम फोनवर दिसतो तसा लिहिलाय. ही गॅस गळतीची देशभराची मदत लाइन आहे, चोवीस तास चालू असते. एजन्सीचा नंबर त्याखाली हाताने लिहिलाय. तुमच्या कंपनीच्या स्टिकरवर एखादी पायरी पुढे-मागे असेल, तर तिचाच क्रम ठेवा, दोन स्टिकरांची खिचडी करू नका. आणि वास फार उग्र असेल किंवा फुसफुस थांबतच नसेल, तर टोपीसाठी खटपट करत आत राहू नका. दार उघडून बाहेर पडा आणि फोन करा.

कागद आधी मी सिलिंडरच्या वरच लावला होता, जुन्या स्टिकरशेजारी. आईनेच तो काढून स्वयंपाकघराच्या दाराबाहेर चिकटवला. म्हणाली, "वास येत असताना मी आत जाऊन वाचत बसू होय?"