एक तृतीयांश कमी करा : निर्मात्याचे लेखकास पत्र



औपचारिक पत्रलेखनात आपण मुलांना मागणीपत्र, तक्रारपत्र शिकवतो. आज जरा वेगळं पत्र पाहू. रेडिओवरील श्रुतिकेचा निर्माता लेखकाला संहिता कमी करायला सांगतो आहे. नमुना असा :

"स. न. वि. वि.
आपली 'विहीर' ही श्रुतिका वाचली, आवडली. घड्याळ लावून मोठ्याने वाचली असता ती ४२ मिनिटांची भरली. कार्यक्रमाची वेळ ३० मिनिटे असून उद्घोषणा व संगीतास २ मिनिटे लागतात. म्हणजे श्रुतिकेसाठी २८ मिनिटे उरतात. १४ मिनिटे कमी करावी लागतील. आजी व नातवाचा विहिरीकाठचा प्रसंग कृपया तसाच ठेवावा. लग्नघरातील प्रसंग गाळता येईल का, ते पाहावे. सुधारित संहिता १० तारखेपर्यंत मिळावी. कळावे."

या पत्रात 'फार लांब झालंय' असं कुठेच नाही, हे मुलांना दाखवा. नेमकं किती जास्त आहे आणि ते कसं मोजलं, हे सांगितलंय. काय ठेवायचं ते आधी आलंय, काय गाळायचं ते नंतर. आणि तेही विचारून. कारण संहिता लेखकाची आहे, निर्मात्याने परस्पर कात्री लावायची नसते.

आता लेखकाने काय करायचं? प्रत्येक संवादातला एकेक शब्द काढला तर दोन-तीन मिनिटंच वाचतात, आणि बोलणं मात्र कोरडं होतं. म्हणून अख्खा प्रसंगच काढायचा. लग्नघर गेलं की ९ मिनिटे कमी झाली. सुरुवातीची ओळख काढून थेट भांडणापासून सुरू केलं, ३ मिनिटे. शेवटी आजी तात्पर्य समजावून सांगते, ते काढलं, २ मिनिटे. झाली १४!

पण इथेच एक चूक होते. मोटारीच्या खोलीची किल्ली नातवाला लग्नघरातच मिळाली होती. पुढे तो कुलूप उघडतो, तेव्हा ऐकणारा गोंधळतो, की किल्ली आली कुठून? मग आजीच्या तोंडी एक वाक्य घालावं लागतं : "ही घे किल्ली." अशी चूक लेखकाला स्वतःला सापडत नाही, कारण त्याला जुनी गोष्ट पाठ असते. म्हणून पहिली संहिता न वाचलेल्या माणसाला नवी ऐकवायची आणि पुन्हा घड्याळ लावायचं. भरभर वाचून वेळ बसवायची नाही. विहिरीत बादली पडल्यावरची शांतताही वेळ घेते.

आणि लग्नघर हाच गोष्टीचा जीव असेल तर? तर लेखकाने तसं स्पष्ट कळवावं, दोन भागांत प्रसारण होईल का ते विचारावं, नाहीतर संहिता नम्रपणे परत मागावी.

मुलांसाठी स्वाध्याय : लेखकाच्या वतीने निर्मात्याला उत्तर लिहा. काय गाळलं, काय ठेवलं आणि का, हे त्यात आलंच पाहिजे.