आधी कणगी, मग उडी

नोकरी-मजुरी सोडून स्वतःचा धंदा करावा, असा विचार आज गावोगावी अनेक घरांत चालतो. कुणाला शेळ्या पाळायच्या असतात, कुणाला खव्याची भट्टी लावायची असते. अशा वेळी भांडवल किती लागेल, कर्ज कुठे मिळेल, अनुदान आहे का, याची चौकशी सगळे करतात. पण धंद्याचा पहिला पैसा हाती येईपर्यंत घरातली चूल कशावर पेटायची, हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. चांगले धंदे पुष्कळदा याच ठिकाणी मोडतात. शेळी गाभण असते, पण घरात तेल-मीठ नसते. मग गाभण शेळीच बाजारात जाते.

धंद्याच्या भांडवलाला हात न लावता घर चालेल एवढी शिल्लक आधी बाजूला काढणे, हा यावरचा उपाय आहे. जुन्या लोकांच्या घरी कणगी असे. पुढचे पीक येईपर्यंत तिच्यातले दाणे विकायचे नाहीत, असा दंडक असे. आपल्याला हवी आहे ती पैशाची कणगी. ती किती मोठी असावी आणि कशी भरावी, ते आज पाहू.

सुरुवात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातल्याच एका अनुभवापासून करू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. पुढे घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली. पुढे २०१२ नंतर एकापाठोपाठ दुष्काळ पडले, तेव्हा संस्थेने बायकांबरोबर एक एकराची शेती सुरू केली. तिला २०१७ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिकही मिळाले.

या शेतीची युक्ती साधी आहे. बाई घरच्यांकडे सगळे रान मागत नाही, अर्धा एकर किंवा एक एकर मागते. बाकीच्या रानात सोयाबीन नेहमीसारखे राहते. आपल्या तुकड्यात ती ज्वारी, तूर, मूग, उडीद आणि भाजीपाला मिसळून घेते. खत-औषध होईल तेवढे घरीच बनवते. आधी घर खाते, उरेल ते विकले जाते. एखादे पीक गेले तरी दुसरे हाती लागते, आणि सगळेच फसले तरी नुकसान एकरापुरते राहते. म्हणजे नव्या वाटेला जाताना त्या बायकांनी दोन गोष्टी सांभाळल्या: पणाला लावले ते थोडे, आणि पोटाची सोय आधी केली. धंदा बदलणाऱ्या घरालाही हाच हिशेब लागू पडतो.

आता हिशेबासाठी एक घर मनाशी धरू. कळंब तालुक्यातले म्हणा. पाच एकर कोरडवाहू, त्यातला एक एकर वरच्यासारखा धान्य-भाजीचा. नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारी सासू. कारभारी लातूरला एका डाळमिलच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, पगार महिना १२,००० रुपये. त्यांच्या मनात आहे की नोकरी सोडावी आणि पंधरा उस्मानाबादी शेळ्या घ्याव्यात. जात आपल्याच भागातली, काटक, जुळी देणारी. बेत वाईट नाही.

बायको मात्र एकच विचारते, “अवो, पैली करडं इकंस्तोवर घरात काय आणायचं?”

तिचा प्रश्न महिन्यांत मोजू. शेळ्या आणून लगेच बोकडाकडे दाखवल्या, तरी गाभण काळ पाच महिन्यांचा. करडू जन्मल्यावर विकण्याजोगे व्हायला आणखी आठ-नऊ महिने. म्हणजे पहिला पैसा तेराव्या-चौदाव्या महिन्यात. शहरातली माणसे सहा महिन्यांची शिल्लक पुरे म्हणतात. ते पगारदाराला ठीक आहे, कारण त्याला पुढची नोकरी मिळाली की महिन्यात पगार सुरू होतो. आपल्या धंद्यात कणगीचे माप धंदाच ठरवतो. शेळीला चौदा महिने, दुभत्या म्हशीला त्याहून पुष्कळ कमी, आणि फळबागेला काही वर्षे.

आता महिन्याचा खर्च. किराणा, गॅस, वीजबिल, मोबाईल, शाळा, किरकोळ औषधे मिळून या घराला ७,००० रुपये लागतात. दिवाळी, कपडे, लग्नकार्यातला आहेर हे वर्षाचे २४,०००, म्हणजे महिन्याला २,००० धरावेत. हा दुसरा खर्च लोक हमखास विसरतात. एकूण ९,०००. ज्वारी, डाळ आणि भाजी एकराची आहे, म्हणून ती यात नाही. अंडी आणि भाजी विकून बायको सरासरी २,००० मिळवते, पण उन्हाळ्यात भाजी नसते, म्हणून निम्मेच धरू. गरज राहिली ८,००० रुपयांची. सोयाबीनचा नफा धरायचा नाही, कारण ज्या साली पाऊस दगा देतो त्याच सालासाठी ही कणगी आहे. नफा झाला तर तो वरकड समजावा.

चौदा महिन्यांचे झाले १,१२,०००. दवाखान्यासाठी २०,००० वेगळे. एकूण १,३२,००० रुपये, आणि शेळ्यांचे भांडवल यात नाहीच. पगारातून ३,००० आणि बायकोच्या विक्रीतून १,००० असे महिना ४,००० उरत असतील, तर एवढी रक्कम साठायला तेहेतीस महिने लागतात. शेळ्यांसाठी पुन्हा साठवायचे ते पुढेच राहिले. हे ऐकून बरीच माणसे साठवणे सोडून देतात आणि कर्ज काढून उडी मारतात.

पण कणगी मोठी करण्याऐवजी गरजच लहान करता येते. कारभाऱ्यांनी नोकरी सोडायची नाही. पहिल्या दहा महिन्यांच्या बचतीतून ४०,००० रुपयांत एकदा व्यालेल्या चार शेळ्या घ्यायच्या. त्या सासू-सून सांभाळतील. चार शेळ्यांना दोन बायांचे हात पुरतात. मादी करडे ठेवायची, बोकड विकून त्या पैशात एखाद-दुसरी मोठी शेळी घ्यायची. मरतूक धरून एका शेळीमागे वर्षाला दीडच करडू हाती लागेल असे मानले, तरी साधारण तीन वर्षांत कळप चौदा-पंधरावर जातो. रोगराई आली तर चार वर्षे लागतील.

पंधराच का? चारा-औषध वजा जाता शेळीमागे वर्षाला साडेसहा हजार राहिले, तर पंधरा शेळ्यांचे साडेसत्त्याण्णव हजार होतात. घराची वर्षाची गरज ८,००० प्रमाणे ९६,००० आहे. म्हणजे पंधराच्या आत नोकरी सोडली तर घर भागत नाही. हे दर आपापल्या बाजाराप्रमाणे घालून पाहावेत.

आता कळप वेगवेगळ्या वयाचा आहे आणि दर काही महिन्यांनी काहीतरी विकायला आहे. चौदा महिन्यांची कोरडी ओढ संपली. कणगी हवी ती एखादी फळी रोगाने गेली किंवा भाव पडला तर तग धरण्यापुरती. सहा महिन्यांचे ४८,००० आणि दवाखान्याचे २०,००० मिळून ६८,००० रुपये. शेळ्या घेतल्यानंतर सतरा महिन्यांच्या बचतीत ही रक्कम जमते. पुढची बचत गोठ्याला आणि चाऱ्याला. शिवाय या तीन वर्षांत पीपीआरची लस, पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस आणि आपल्या रानात चारा कोणत्या महिन्यात संपतो, हे सारे पगार चालू असताना शिकून होते. चार शेळ्यांत झालेली चूक स्वस्त पडते.

पैसा ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचे आहे. राष्ट्रीयीकृत, ग्रामीण किंवा सहकारी बँकेतल्या ठेवीला २०२० पासून माणशी, बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. धाराशिवच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम या विम्यातून मिळण्याजोगी होती. पतसंस्थांना, मग त्या मल्टिस्टेट का असेनात, हा विमा नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी कणगी तिथे ठेवू नये. बँकेत दोन महिन्यांची रक्कम बचत खात्यात ठेवावी आणि बाकीच्या तीन-चार वेगळ्या मुदत ठेवी कराव्यात, म्हणजे अडचणीत एकच मोडावी लागते. खाते दोघांच्या नावे असावे.

बचत गटातला पैसा कामाचा आहे, पण तो सभासदांना कर्जाऊ फिरत असतो. हव्या त्या दिवशी तो मिळेलच असे नाही. पीककर्ज ही तर शिल्लक नव्हेच, ते फेडायचे आहे. आणि शेळ्या म्हणजेच आमची शिल्लक, असे म्हणू नये. रोग आला तर धंदा आणि शिल्लक एकाच दिवशी जातात. कणगी नसली की वाट सावकाराकडे जाते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. एवढे व्याज शेळीच्या धंद्यातून निघत नाही.

कणगी फुटते ती बहुधा दुष्काळाने नव्हे, घरच्याच कारणांनी. भाच्याचे लग्न निघते, बोअर घ्यायची टूम निघते, भावकीत कुणी हातउसने मागते. म्हणून पैसा कशाला काढायचा, ते आधीच दोघांनी वहीत लिहून ठेवावे: किराणा, शाळा, दवाखाना. चौथे कारण नाही.

त्याच वहीत शेवटची एक ओळ लिहावी. नोकरी सोडल्यावर, दवाखान्याचे २०,००० सोडून, शिल्लक १६,००० वर, म्हणजे दोन महिन्यांच्या खर्चावर आली, की कारभाऱ्यांनी पुन्हा गाडीवर जायचे आणि कळप निम्मा करून बायांनी सांभाळायचा. ही ओळ पैसा असताना लिहावी लागते, कारण पैसा संपत आला की माणूस म्हणतो, आणखी एक महिना पाहू. दोन महिने हातात असताना माणसाला काम शोधता येते. हात रिकामा झाला की मिळेल त्या भावाने शेळ्या विकाव्या लागतात. त्यासाठी नोकरी सोडताना मालकाशी भांडून निघू नये, मोसमात हाक मारा, येतो, असे सांगून निघावे.

यंदाच्या दिवाळीत घरात बसून एवढेच करा. आपला महिन्याचा खर्च आहेर-सणासकट मांडा, आणि मनातल्या धंद्याचा पहिला पैसा कितव्या महिन्यात येतो ते त्याच्या शेजारी लिहा. दोन्हींचा गुणाकार म्हणजे आपल्या कणगीचे माप. मग ती भरायची, की चार शेळ्यांपासून आरंभ करून गरज लहान करायची, हे घरातल्या दोघांनी मिळून ठरवावे.