जाड खांब, जुनं गणित

समुद्रातल्या बहुतेक पवनचक्क्या एकाच पोलादी नळीवर उभ्या असतात. तिला मोनोपाइल म्हणतात. आजकाल या नळीचा व्यास ८ ते १० मीटर असतो. ती समुद्रतळात हातोड्यानं ठोकून बसवतात. पवनचक्कीच्या वजनाची चिंता तशी कमीच. खरी चिंता वाऱ्याच्या आणि लाटांच्या आडव्या रेट्याची.

हा रेटा माती किती पेलेल, याचं गणित अभियंत्यांनी तेलविहिरींकडून उसनं घेतलं. त्यामागच्या चाचण्या टेक्सासमध्ये झाल्या होत्या. वाळूतली प्रसिद्ध चाचणी मस्टँग बेटावर झाली, आणि तिथल्या नळ्यांचा व्यास जेमतेम ६१ सेंटिमीटर होता. त्या लांब आणि सडपातळ होत्या. वरून ढकललं की वेतासारख्या वाकायच्या, खालचं टोक मात्र जागचं हलत नसे. मोनोपाइलची जमिनीतली लांबी व्यासाच्या अवघी तीन ते सहा पट असते. तो वाकण्याऐवजी सगळाच्या सगळा कलतो. माथा पुढे जातो, तळ मागे सरकतो.

मग जुनं गणित लागू पडतं का? ते तपासायला ऑक्सफर्ड, लंडनचं इंपीरियल कॉलेज आणि डब्लिनचं युनिव्हर्सिटी कॉलेज यांनी पवनऊर्जा कंपन्यांबरोबर ‘पिसा’ प्रकल्प हाती घेतला. इंग्लंडमधल्या काउडनला घट्ट चिकणमाती, फ्रान्समधल्या डंकर्कला दाट वाळू. दोन्हीकडे जमिनीवरच खांब ठोकले. सर्वांत मोठे २ मीटर व्यासाचे आणि साडेदहा मीटर खोल. जमिनीपासून १० मीटर उंचीवर त्यांना आडवं ओढलं. जमिनीलगत खांब व्यासाच्या एकदशांश, म्हणजे २० सेंटिमीटर सरकला की मातीची ताकद संपली असं धरलं.

चिकणमातीत एक गोष्ट डोळ्यांना दिसली: खांबाच्या पाठीमागे फट पडली. चिकणमाती स्वतःच्या बळावर उभी राहते, म्हणून फट उघडी राहते. सुटी वाळू मात्र ढासळून अशी पोकळी भरून काढते.

खरा धडा जुन्या हिशेबातून सुटलेल्या जमेचा होता. त्यात समोरच्या मातीचा दाबच धरलेला असे. पण जाड खांब कलताना त्याची एक बाजू खाली दबते आणि दुसरी वर उचलते. दोन्हीकडचं घर्षण त्याला कलू देत नाही. शिवाय तळाशी माती सरकण्याला आणि फिरण्याला विरोध करते. सडपातळ खांबात या तिन्हींचा वाटा नगण्य, जाड खांबात मोठा. तो धरला तर खांब आखूड चालतो, पोलाद वाचतं.

ताठपणाचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकून चालत नाही. पाती फिरण्याच्या ठेक्याशी मनोऱ्याची झुलण्याची गती जुळली, तर कंपनं वाढून पोलाद थकतं. आणि कायमचा कल साधारण अर्ध्या अंशापलीकडे जाऊ देत नाहीत. हा अर्धा अंश म्हणजे १०० मीटर उंचीवर जवळपास ८७ सेंटिमीटर.

‘पिसा’च्या पद्धतीचा पाया मात्र एकाच दिशेनं ओढण्याच्या चाचण्यांवर आहे. खरा समुद्र पंचवीस वर्षं, कोट्यवधी वेळा, दिशा बदलत ढकलतो. त्यानं साचत जाणारा कल या पद्धतीतून आपोआप मिळत नाही. तो हिशेब वेगळाच करावा लागतो.