विक्रीची एकच लांबलचक शीट? तीन याद्या वेगळ्या काढा, हिशेब जुळेल

हंगाम संपला की शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : कोणत्या गावात किती खत गेलं? शीट उघडली जाते, बेरीज होते आणि आकडा बिलबुकाशी जुळत नाही. बहुतेक वेळा चूक बेरजेत नसते, शीटच्या मांडणीत असते.

यावर डेटाच्या कामात 'स्टार स्कीमा' नावाची मांडणी वापरतात. मध्ये विक्रीच्या नोंदींचा तक्ता, त्याला 'फॅक्ट टेबल' म्हणतात. त्याच्याभोवती ग्राहक, माल आणि तारीख यांच्या याद्या, त्या 'डायमेन्शन टेबल'. चित्र काढलं तर चांदणीसारखं दिसतं, म्हणून स्टार. मोबाईलवरच्या गुगल शीट्समध्येही हे जमतं.

आधी ठरवा : एक ओळ म्हणजे काय?

समजा बिल क्रमांक २१४ आहे. युरिया ४ गोण्या, दर २६६.५० रुपये. डीएपी २ गोण्या, दर १३५० रुपये. पशुखाद्य १ पोतं, १४५० रुपये. मालाचे झाले ५,२१६ रुपये आणि टेम्पोभाडं १५०. म्हणजे बिल ५,३६६ रुपयांचं.

शीटमध्ये या बिलाच्या तीन ओळी होतात. लिहिणारा भाड्याच्या रकान्यात तिन्ही ओळींवर १५० टाकतो. बेरीज केली की भाडं ४५० होतं आणि बिल ५,६६६ वर जातं. एका बिलात ३०० रुपये जास्त! हंगामभरात अशी शेकडो बिलं झाली, तर फरक किती वाढेल ते बघा.

म्हणून नियम एकच : एक ओळ म्हणजे बिलातली एक बाब. भाडंही एक बाबच. त्याची वेगळी, चौथी ओळ करा आणि मालाच्या यादीत 'भाडे' टाकून त्याचा प्रकार 'सेवा' लिहा. मग खताचा हिशेब काढताना ते आपोआप बाजूला राहतं.

मग याद्या काढा

ग्राहकाचं नाव आणि गाव प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा लिहिलं, की कुठे 'वडगाव', कुठे 'वडगांव' होतं. माणसाला ते एकच वाटतं, शीटला दोन गावं वाटतात. उलट वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही खरंच दोन गावं, ती एकत्र करून चालणार नाही. हा निर्णय मशीन घेत नाही, गाव माहीत असलेल्या माणसानेच घ्यायचा.

नाव C मध्ये आणि गाव D मध्ये असेल, तर I रकान्यात दोन्ही जोडा :

```
=TRIM(C2)&"|"&TRIM(D2)
```

या जोडनावांची 'जुळणी' नावाची वेगळी शीट करा. प्रत्येक जोडनावासमोर ग्राहक क्रमांक लिहा. एकाच माणसाच्या दोन स्पेलिंगना एकच क्रमांक. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असतील, तर मोबाईल नंबर बघून दोन वेगळे क्रमांक द्या आणि जोडनावातही ओळख पटेल असा फरक करा. मग J रकान्यात :

```
=VLOOKUP(I2,'जुळणी'!A:B,2,FALSE)
```

शेवटचं FALSE विसरू नका. ते नसेल तर शीट जवळपासचं नाव उचलते, चुकीचा क्रमांक देते आणि कसली तक्रारही करत नाही.

आता 'ग्राहक' यादीत प्रत्येक क्रमांक एकदाच, त्यासमोर नाव, गाव, मोबाईल. 'माल' यादीत नाव आणि प्रकार. 'तारीख' यादीत प्रत्येक दिवसासमोर महिना, हंगाम आणि आर्थिक वर्ष. ३१ मार्चचं बिल एका वर्षात आणि १ एप्रिलचं दुसऱ्यात पडतं, ते इथेच एकदा ठरवून टाकायचं.

दर मात्र मालाच्या यादीत ठेवू नका. पशुखाद्य उद्या १५०० झालं आणि यादीत दर बदलला, तर जुनी बिलंही १५०० ची दिसू लागतील. ज्या दराने विकलं तो दर विक्रीच्या ओळीतच राहू द्या.

जुळलं का, कसं ओळखायचं?

तीन गोष्टी तपासा. मालाच्या ओळी आधी होत्या तेवढ्याच आहेत का? चार-पाच बिलांची बेरीज बिलबुकाशी जुळते का? कुठे #N/A दिसतंय का? दिसलं, तर ते जोडनाव 'जुळणी'त यायचं राहिलंय.

उधारीची वसुली या तक्त्यात घुसडू नका. शेतकरी पाच हजारांच्या बिलापोटी दोन हजार देतो, ते युरियाचे की डीएपीचे हे सांगता येत नाही. वसुलीचा तक्ता वेगळा करा, ग्राहक क्रमांक मात्र तोच ठेवा. मग एका ग्राहकाची विक्री आणि वसुली शेजारी शेजारी दिसते आणि बाकी कुणाकडे किती, यावर बैठकीत वाद उरत नाही.