जुनी पत्रे वाचताना : भाग ६ – तें आलें की ते आले?

गेल्या आठवड्यात मायने पाहिले. आज अनुस्वार.

धारवाड १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्र शासनाने नवे लेखननियम स्वीकारले ते १९६२ साली. त्यामुळे सुभाष रोडच्या परिसरातल्या मराठी घरांत जपलेल्या जुन्या पत्रांतले हात जुन्याच वळणावर घडलेले असतात.

या हातांत एकच बिंदू दोन कामे करतो. ‘आनंद’, ‘पंत’, ‘अंगण’ यांत तो पुढच्या व्यंजनानुसार न् किंवा ङ् यांच्या जागी उभा असतो आणि उच्चारलाही जातो. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘त्यानें’ यांतला बिंदू मात्र बहुधा उच्चारला जात नाही, तो व्युत्पत्ती किंवा व्याकरण दाखवतो. कन्नड शाळेत शिकलेल्या नातवंडांची इथेच अडचण होते. कन्नडमध्ये अक्षराशेजारी शून्य आले की अनुनासिक उच्चारायचेच, ही त्यांची सवय. मग मराठीतला मुका बिंदू त्यांना चूक वाटतो आणि नक्कल करताना गळून जातो.

त्याने काय बिघडते, ते एका नमुना वाक्यात पाहा : ‘तें काल हुबळीहून आलें.’ जुन्या लेखनात हे नपुंसकलिंगी एकवचन आहे, म्हणजे मूल आले किंवा पार्सल आले. ‘ते काल हुबळीहून आले’ असे लिहिले असते, तर वडील किंवा पाहुणे आले असा अर्थ झाला असता. आजच्या लेखनात दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. दोन बिंदू पुसले की कोण आले हेच पत्रातून नाहीसे होते.

उलट फसगतही होते. ‘आमच्या शेतांत पाणी आलें’ हे वाचून आजचा वाचक अनेक शेते समजतो, कारण आता सप्तमीत अनुस्वार फक्त अनेकवचनाला उरला आहे. जुन्या हातात ‘शेतांत’ एका शेतालाही चालते. एक की अनेक, हे मागच्यापुढच्या मजकुरावरूनच ठरवावे लागते.

म्हणून नक्कल दोन ओळींत करावी. पहिल्या ओळीत जसेच्या तसे, दुसऱ्या ओळीत आजचे रूप. एकाच पत्रात ‘पंत’ आणि ‘पन्त’ दोन्ही असतील तर दोन्ही राहू द्यावीत. घाईत बिंदू राहून गेला असेल तर तो पहिल्या ओळीत आपण देऊ नये. मोबाइलवर टंकत असाल तर आपोआप होणारी शब्ददुरुस्ती आधी बंद करा, ती ‘नांव’चे ‘नाव’ करून मोकळी होते.

ठिपका अनुस्वाराचा की शाईचा, अशी शंका आली तर त्याच हाताचे खात्रीचे बिंदू शोधावेत. शिरोरेघेपासूनचे अंतर आणि टाकाचा दाब जुळतो का, ते पाहावे. कागद उलटून मागच्या बाजूची शाई तर झिरपली नाही ना, तेही तपासावे. तरीही निर्णय होत नसेल, तर शब्दापुढे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह द्यावे : ‘ते[ं?]’.